साडेसात लाखांची रेषा : पीएफ आणि एनपीएस एकत्र मोजा

"कंपनी पीएफमध्ये टाकते ते पैसे करमुक्त असतात ना?" हा प्रश्न मला वारंवार येतो. उत्तर आहे : हो, पण एका मर्यादेपर्यंतच. आजचा हिशेब २०२४-२५ या आर्थिक वर्षाच्या नियमांनुसार आणि नवीन करप्रणाली धरून करू.

कंपनीचा पीएफमधला वाटा मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्क्यांपर्यंत करमुक्त असतो. इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असतं. दुसरी मर्यादा २०२०-२१ पासून आली. पीएफ, एनपीएस आणि सुपरअ‍ॅन्युएशन या तिन्हींत मिळून कंपनीने वर्षभरात ७,५०,००० रुपयांहून जास्त भरले, तर वरची रक्कम तुमच्या पगारात धरून तिच्यावर कर लागतो. ग्रॅच्युइटी यात येत नाही.

समजा, एका ताईंचा मूळ पगार महिना ३ लाख, म्हणजे वर्षाला ३६ लाख. १२ टक्क्यांनी कंपनीचा पीएफ झाला ४,३२,०००. इथे काहीच अडचण नाही. मग कंपनीने एनपीएसचा पर्याय दिला आणि त्यांनी पूर्ण १४ टक्के निवडले, म्हणजे ५,०४,०००. बेरीज ९,३६,०००. मर्यादेच्या वर गेले १,८६,०००. अधिभार लागत नसेल, तर ३१.२ टक्क्यांनी कर ५८,०३२ रुपये. हातात एक रुपयाही न येता!

बरं, हे इथे थांबत नाही. या जादा रकमेवरची वाढही दरवर्षी करपात्र असते. परतावा ८ टक्के धरला, तर पहिल्या वर्षी निम्म्या रकमेवर, म्हणजे ९३,००० वर ७,४४० रुपये उत्पन्नात धरले जातात. पुढच्या वर्षी १,९३,४४० या पूर्ण रकमेवर वाढ मोजतात आणि त्या वर्षीची नवी जादा रक्कम वेगळीच.

म्हणून तुलना अशी करा. तेच १,८६,००० रोख पगारात घेतले असते, तरी आजचा कर तेवढाच होता. पण उरलेले पैसे हाताशी राहिले असते. एनपीएसमध्ये ते अडकतात आणि वाढीवरचा कर मागे लागतो. ताईंनी एनपीएसचा वाटा महिना ४२,००० ऐवजी २६,५०० ठेवला, तर बेरीज बरोबर साडेसात लाख होते.

तुमचं काय झालंय, हे फॉर्म १६ सोबतच्या फॉर्म १२बीए मध्ये दिसेल. तिथे जादा वाटा आणि त्यावरची वाढ, दोन्हींच्या ओळी वेगळ्या असतात. वर्षाच्या मध्येच नोकरी बदलली असेल, तर दोन्ही कंपन्यांचा वाटा स्वतः एकत्र करा. प्रत्येक कंपनीला फक्त आपलाच आकडा दिसतो. मर्यादा मात्र तुमच्यासाठी एकच आहे.