परत न करायचं पुस्तक

समजा, तुम्ही मित्राकडून एक पुस्तक वाचायला आणलं. घरी येऊन चाळताना आतल्या पानावर ग्रंथालयाचा शिक्का दिसला. चौकशी केल्यावर कळलं की मित्राने ते तिथून चोरलंय. आता पुस्तक परत कोणाला करायचं?

ग्रंथालयाला, हे उत्तर कोणीही देईल. जोनाथन डॅन्सी या ब्रिटिश तत्त्वज्ञाचा प्रश्न पुढचा आहे. ‘घेतलेली वस्तू देणाऱ्याला परत करावी’ हे कारण इथे हरलं, की मुळात उरलंच नाही?

प्रश्न केस फोडणारा वाटेल, पण ‘नैतिक विशेषवाद’ म्हणून ओळखला जाणारा विचार त्यावरच उभा आहे. डब्ल्यू. डी. रॉस यांनी १९३० साली ‘द राइट अँड द गुड’ या ग्रंथात कर्तव्यांची यादी दिली: वचन पाळणं, उपकार स्मरणं, कोणाला इजा न करणं वगैरे. कर्तव्यांची टक्कर झाली तर कोणतं जड, हे प्रसंग पाहून ठरवायचं. त्याचं ठरीव कोष्टक नाही, हे रॉसही मानत. पण हरलेलं कर्तव्य नाहीसं होत नाही, असं त्यांचं म्हणणं. मित्राला भेटायची वेळ दिली आणि वाटेत अपघातातल्या जखमींना मदत करण्यात ती टळली, तर तुम्ही योग्यच केलं. तरी मित्राची वेळ मोडल्याची चुटपुट लागते आणि भरपाई करावीशी वाटते.

आता पुस्तकाकडे वळा. ते ग्रंथालयाच्या टेबलावर ठेवताना चोर मित्राबद्दल तशी चुटपुट लागेल का? ‘माफ कर, तुला परत करता आलं नाही’ असं म्हणावंसं वाटेल का? मला तरी वाटणार नाही. म्हणजे इथे कारण हरलेलं नाही, ते लागूच पडलं नाही. दोन्हींतला फरक ओळखायची ही चांगली खूण आहे: मागे काही देणं उरलं का ते पाहावं.

यावरून डॅन्सी म्हणतात की एका प्रसंगी जे बाजूने बोलतं ते दुसऱ्या प्रसंगी गप्प बसेल किंवा उलटही बोलेल. म्हणून पक्क्या तत्त्वांवर नीती अवलंबून नाही. २००४ सालच्या त्यांच्या पुस्तकाचं नावच ‘एथिक्स विदाउट प्रिन्सिपल्स’ आहे. म्हणजे ‘मनाला येईल ते करा’ असं मात्र नाही. निर्णयाची कारणं द्यावीच लागतात. दुसरा प्रसंग सर्व बाबतींत तंतोतंत तसाच असेल, तर निर्णयही तोच द्यावा लागतो.

आक्षेप दोन आहेत. पहिला मॅकीव्हर आणि रिज यांचा: नियमातच दुरुस्ती करा ना. ‘घेतलेली वस्तू परत करा, मात्र देणाऱ्याचा तिच्यावर हक्क असेल तर.’ झालं, पुस्तकाचा प्रश्न सुटला आणि तत्त्वही टिकलं. यावर डॅन्सींच्या बाजूने विचारता येतं की अशा अटींची यादी कुठे संपते? पण ती कधीच संपणार नाही, हेही त्यांना सिद्ध करावं लागतं, आणि एका चोरीच्या पुस्तकावरून ते होत नाही. इथे त्यांचा निष्कर्ष पुराव्याच्या पुढे धावतो, असं माझं मत.

दुसरा आक्षेप ब्रॅड हूकर यांचा, आणि तो जास्त व्यवहारी. वचन पाळायचं की नाही हे जो दर वेळी नव्याने ठरवतो, त्याच्याशी तुम्ही सौदा कराल का? त्याने शब्द फिरवायच्या आधी तो कधी फिरवेल याचा अंदाज यायला हवा. शिवाय स्वतःच्या सोयीचा प्रसंग प्रत्येकाला ‘वेगळा’ दिसतो. डॅन्सी काही कारणांना मुळातलं वजन देतात: ती आडवं काही आलं नाही तर लागू असतात. पण असं म्हणताना ते रॉसच्या अंगणात थोडं पाऊल टाकतातच.

मराठी वाचकाला हा वाद परका वाटायचं कारण नाही. टिळकांनी ‘गीतारहस्या’तल्या (१९१५) ‘कर्मजिज्ञासा’ प्रकरणात सत्याच्या अपवादांची चर्चा करताना कर्णपर्वाचा आधार घेतलाय. तिथे कौशिक ब्राह्मणाची गोष्ट येते. लपलेली माणसं कुठे आहेत हे त्याने दरोडेखोरांना खरंखरं सांगितलं, ती मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. त्याच्या खरेपणाला तिथे काही पुण्य लागत नाही. डॅन्सींना हवा तसाच हा दाखला.

पण कृष्ण ही गोष्ट सांगतो ती अर्जुनाला. गांडीव दुसऱ्याला दे म्हणणाऱ्याचा शिरच्छेद करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा, आणि रागाच्या भरात तसं बोलून बसलेला असतो युधिष्ठिर. भावाला मारणं चूक, हे ठरतं. तरी कृष्ण ‘प्रतिज्ञा विसर’ म्हणून मोकळा होत नाही. वडीलधाऱ्याला ‘तू’ म्हणून अपमान केला की तो मेल्यासारखाच, असा तोडगा काढून तो प्रतिज्ञेचं देणं फेडायला लावतो. त्या अपमानाने खजील झालेला अर्जुन स्वतःलाच मारायला तलवार उपसतो, तेव्हा दुसरा तोडगा निघतो: आत्मस्तुती कर, तीही आत्महत्येसारखीच. एका गोष्टीत सत्य गप्प होतं आणि तिच्याच शेजारी प्रतिज्ञा हरूनही आपला हिशेब मागत राहते.