फॉगच्या स्वभावाचा पुरावा

बारावीच्या ‘इंग्रजी युवकभारती’त कादंबरीचा स्वतंत्र विभाग आहे आणि त्यात ज्यूल व्हर्नच्या ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’मधला उतारा येतो. फिलिअस फॉगचे स्वभावचित्र सुमारे पन्नास शब्दांत लिहा, असा प्रश्न आला की दोन तऱ्हेची उत्तरे हमखास दिसतात. एकात लिव्हरपूलपासून लंडनपर्यंतची सगळी गोष्ट सांगितलेली असते. दुसऱ्यात शांत, शूर, वक्तशीर, उदार अशा विशेषणांची नुसती रांग. दोन्हींत फॉग हाती लागत नाही.

पन्नास शब्दांत दोनच गुण नीट मावतात, पण प्रत्येकाला प्रसंगाचा आधार हवा. लिव्हरपूलला डिटेक्टिव्ह फिक्स फॉगला बँकेचा चोर समजून अटक करतो. पैज हातची जाणार, हे दिसत असताना फॉग आरडाओरडा करत नाही. घड्याळ टेबलावर ठेवून सरकणारे काटे पाहत बसतो. ‘फॉग शांत आहे’ या वाक्यामागे हा प्रसंग आला की उत्तर उभे राहते. खरा चोर आधीच पकडला गेल्याचे कळल्यावर मात्र हाच माणूस फिक्सला ठोसे लगावून खाली पाडतो. पुष्कळ विद्यार्थी हा प्रसंग गाळतात, कारण तो ‘शांत’ या शब्दाला छेद देतो. खरे तर तोच लिहायला हवा. ‘फॉग संयमी आहे, पण अन्याय मुकाट्याने गिळणारा नाही’ या वाक्यातला ‘पण’ उतारा समजून वाचल्याची खूण आहे.

आशयसूत्राच्या प्रश्नात वेगळीच चूक होते. ‘या कादंबरीचे सूत्र वेळ आहे’ एवढे लिहून भागत नाही. वेळ हा विषय झाला; कादंबरी वेळेबद्दल काय म्हणते, ते सूत्र. फॉग मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवतो, तरी एक अख्खा दिवस त्याच्या हिशेबातून निसटतो. पूर्वेकडे जाताना दर रेखांशाला चार मिनिटे मिळत गेली. 360 रेखांशांचे चोवीस तास झाले. पैज हरल्याचे धरून तो घरी बसतो, औदाशी लग्न ठरवतो आणि पासपार्तूला पाद्र्याकडे पाठवतो. तिथे कळते की उद्या सोमवार नव्हे, रविवार आहे! म्हणजे काटेकोर हिशेबाला न सापडलेला दिवस प्रेमामुळे सापडला. हे एक वाक्य लिहिले की सूत्र सांगून झाले. रेखांशांचे गणित उत्तरात एका ओळीपुरते पुरे.

पुरावा मात्र पुस्तकातलाच हवा. फॉग फुग्यात बसून निघाल्याचे लिहिणारे विद्यार्थीही असतात. तो प्रवास 1956च्या चित्रपटातला. व्हर्नच्या कादंबरीत फॉग आगगाडी, बोट, हत्ती, इतकेच काय बर्फावरच्या शिडाच्या गाडीतूनही जातो, पण फुग्यात बसत नाही.