स्टीलच्या बाटलीचा प्रकाश शब्दांत मांडताना

चकचकीत स्टीलची बाटली म्हणजे गोल आरसाच. समोरची प्रत्येक वस्तू तिच्यात बारीक होऊन दिसते, म्हणून ‘डावीकडून मऊ प्रकाश’ एवढी सूचना पुरत नाही. सॉफ्टबॉक्सची जागा, आकार आणि अंतर तिन्ही सांगावे लागते.

जागेसाठी घड्याळाची तबकडी सोयीची. मध्यभागी बाटली आणि सहाच्या आकड्यावर कॅमेरा धरला, तर २० सेंटिमीटर उंच बाटलीची सूचना अशी होते: ‘नऊवर उभा, अरुंद सॉफ्टबॉक्स, बाटलीपासून ४० सेंटिमीटरवर, उंचीला बाटलीच्या दुपटीहून मोठा, मध्ये ताणलेला ट्रेसिंग पेपर, तीनवर पांढरा पुठ्ठा.’ यातून डावीकडे वरपासून खालपर्यंत सलग पांढरा पट्टा उमटतो. सॉफ्टबॉक्स आठकडे आणला की पट्टा बाटलीच्या मध्याकडे सरकतो, दहाकडे नेला की कडेला जातो. ट्रेसिंग पेपर सॉफ्टबॉक्सला चिकटवू नये. मध्ये अंतर असले तरच पट्ट्याची कड हळुवार विरते.

पट्ट्यात झगझगीत ठिपका दिसला, तर दिवा कापडाच्या फार जवळ आहे. पांढऱ्या पार्श्वभूमीत बाटलीची कड हरवत असेल, तर दोन्ही बाजूंना, किंचित मागे, चौकटीबाहेर काळ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या उभ्या कराव्यात. कॅमेऱ्याचे काळे प्रतिबिंब मात्र पुरते जात नाही. मागे सरकून, लांब पल्ल्याच्या लेन्सने ते बारीक करता येते.