संदेशातल्या चांदण्या

सोसायटीच्या सूचनेचा एसएमएस आला:

```
## पाणीपुरवठा
**मंगळवारी** पाणी बंद
```

शेजारच्या काकूंना वाटलं, फोन बिघडला. तसं नव्हतं. ही मार्कडाउन नावाची लेखनपद्धत, जॉन ग्रूबर यांनी 2004 मध्ये मांडलेली. ओळीच्या सुरुवातीचे दोन हॅश म्हणजे दुसऱ्या पातळीचं शीर्षक. शब्दाच्या दोन्ही बाजूंच्या दोन-दोन चांदण्या म्हणजे ठळक अक्षर. मार्कडाउन समजणारं अ‍ॅप खुणा लपवून परिणाम दाखवतं. साध्या एसएमएसला ते जमत नाही, म्हणून खुणा तशाच उरतात. व्हॉट्सअ‍ॅपवर ठळक अक्षरासाठी एकच चांदणी लागते, तीही शब्दाला चिकटून. मध्ये जागा सुटली की खूण उघडी पडते. काकूंच्या संदेशात जोर ‘मंगळवारी’वर होता. अशा चांदण्या दिसल्या, तर त्यांच्यामधला शब्द आधी वाचा.