चूक काढा, ओलावा राहू द्या

नव्या सहकाऱ्याला टीम लीडने पाठवायचा स्वागताचा ईमेल म्हणजे दहा-बारा ओळींचा मजकूर. तो तपासायला दिला की दोनपैकी एक गोष्ट हमखास घडते. एक तर तपासणारा दोन वेलांट्या सरळ करून ‘ठीक आहे’ म्हणतो, नाहीतर सगळा मजकूर कार्यालयीन मराठीत ओततो. दुसऱ्या प्रकारात ‘तुझं मनापासून स्वागत!’ या वाक्याचे ‘आपले आमच्या विभागात सहर्ष स्वागत करण्यात येत आहे’ असे होऊन बसते. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात बोट ठेवायला जागा नाही. पण स्वागत कोण करतेय, हेच त्या ‘करण्यात येत आहे’मध्ये हरवते. लीडने लिहिलेले पत्र नोटीस बोर्डावरचे वाटू लागते.

नेमके काय सुधारायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे एका नमुना मसुद्यावर पाहू. बिलिंगचे काम करणारी एक टीम आहे आणि ऋतुजा नावाची मुलगी तिथे रुजू होणार आहे, असे समजा. मेल तिला जाणार असून प्रत सगळ्या टीमला आहे.

“प्रिय ऋतुजा, तुझं टीम मध्ये मनापासून स्वागत! तू येतेयस हे कळल्यापासुन सगळे वाट बघतायत. मुलाखतीत तू आधीच्या कंपनीतल्या बिलांच्या गोंधळाबद्दल बोललीस, ते माझ्या अजुन लक्षात आहे. सोमवार, १७ जून २०२५ ला सकाळी १० वाजता ये. गेटवर ओळखपत्र दाखव. आपली जागा तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या उजव्या हाताला. पहिला आठवडा फक्त बघा, विचारा. दुपारी आपण सगळे एकत्र जेवतो. डबा आणलास तर उत्तमच, नाही आणलास तर आमच्या डब्यांवर तुझा पूर्ण हक्क! काही अडलं तर बिनधास्त फोन कर, कितीही मुर्ख प्रश्न असला तरी चालेल.”

पहिले वाचन फक्त लेखनाच्या चुकांसाठी. ‘कळल्यापासुन’ आणि ‘अजुन’ हे शब्द अकारान्त आहेत आणि अशा मराठी शब्दांत शेवटून दुसऱ्या अक्षरातला इकार-उकार दीर्घ असतो. म्हणून ‘कळल्यापासून’, ‘अजून’. ‘टीम मध्ये’ तोडून लिहिले आहे, ते ‘टीममध्ये’ असे जोडायचे. ‘मुर्ख’चे ‘मूर्ख’. या चुका थेट दुरुस्त कराव्यात, लीडला विचारायची गरज नाही.

‘तुझं’ आणि ‘अडलं’ यांवर मात्र पुष्कळांचा हात आपसूक जातो आणि त्यांचे ‘तुझे’, ‘अडले’ केले जाते. शासनाने १९६२ साली स्वीकारलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांत माणूस बोलतो तसे दाखवायचे असेल, तर असे अनुस्वारयुक्त लेखन मान्य आहे. हा मेल म्हणजे लीडचे बोलणेच आहे, तेव्हा ‘तुझं’ राहू द्यावे. ‘येतेयस’, ‘बघतायत’ ही रूपेही त्याच बोलण्यातली आहेत. एवढेच पाहायचे की एका ओळीत ‘तुझं’ आणि पुढच्या ओळीत ‘तुझे’ असे होऊ नये.

नावाला तर शब्दकोशाचा नियम लागूच नाही. ही मुलगी आपले नाव ‘ऋतुजा’ लिहिते की ‘रुतुजा’, हे तिने अर्जात कसे लिहिलेय त्यावरून ठरते. व्युत्पत्ती पाहून नाव ‘शुद्ध’ केले, तर स्वागताच्या पहिल्याच शब्दात तिला परके केल्यासारखे होते.

दुसरे वाचन नव्या माणसाच्या नजरेने करायचे. लीडला जे रोजचे आहे, ते तिला अजून माहीत नाही. १७ जून २०२५ ला मंगळवार आहे, सोमवारी १६ तारीख येते. यात वार चुकला की तारीख, हे तपासणाऱ्याने ठरवायचे नाही. नेमणूकपत्रातली तारीख लीडला विचारून घ्यायची. ‘ओळखपत्र दाखव’ हे वाक्य कुणालाही निर्दोष वाटेल. पण कंपनीचे ओळखपत्र तिला रुजू झाल्यावर मिळणार, मग गेटवर ती काय दाखवणार? आधार कार्ड चालत असेल तर तसे लिहायला हवे. ‘जिन्याच्या उजव्या हाताला’ म्हणजे चढून आल्यावर की जिन्याकडे तोंड करून? ‘जिना चढून आलीस की उजवीकडे’ असे लिहिले की हा घोळ मिटतो.

तिसरे वाचन नात्यासाठी. सगळीकडे ‘तू’ आहे आणि एकाच वाक्यात ‘बघा, विचारा’ आले आहे. बहुधा ते वाक्य जुन्या मेलमधून उचललेले असते. ‘तू’ ठेवायचे की ‘तुम्ही’, हा निर्णय लीडचा. मुलाखतीत ‘तुम्ही’ म्हटले असेल तर मेलमध्ये एकदम ‘तू’ आलेले काहींना आपुलकीचे वाटते, काहींना आगाऊपणाचे. तपासणाऱ्याने समासात प्रश्न टाकावा आणि जे ठरेल ते शेवटपर्यंत एकसारखे करावे.

‘मूर्ख प्रश्न’ लीडने धीर द्यायला लिहिले आहे, पण वाचताना तिचे प्रश्न मूर्ख असतील असे आधीच ठरवल्यासारखे वाटते. ‘कितीही साधा प्रश्न’ म्हटले की धीर तोच राहतो, टोचणी जाते. मुलाखतीचा उल्लेख त्याहून नाजूक आहे. मेलमधली सर्वांत खास ओळ तीच, कारण ती दुसऱ्या कुणाला लिहिताच आली नसती. पण प्रत सगळ्या टीमला आहे. आधीच्या कंपनीतला गोंधळ तिने विश्वासाने सांगितलेला असतो, तो आता पंधरा जण वाचणार. ओळ गाळली तर मेल कुणालाही पाठवता येईल असा होतो. म्हणून गोंधळ काढायचा आणि तिचे कौशल्य ठेवायचे: ‘बिलं जुळवायची तुझी पद्धत तू मुलाखतीत सांगितलीस, ती माझ्या अजून लक्षात आहे.’ ही सूचना म्हणूनच द्यावी. तिने खरोखर तसे सांगितले होते का, हे लीडलाच ठाऊक.

डब्याच्या ओळीला हात लावायचा नाही. ‘भोजनाची व्यवस्था’ वगैरे शब्द तिथे आणले, तर पहिल्या दुपारी कुणासोबत बसायचे ही तिची धास्ती तशीच राहील.

हे काम गूगल डॉक्समध्ये मजकूर घेऊन ‘Suggesting’ या सोयीने केले की लीडला प्रत्येक बदल दिसतो आणि नको असेल तो परत फिरवता येतो. लेखनाचे बदल मजकुरात, तारीख, ‘तू’ आणि मुलाखत यांविषयीचे प्रश्न समासात. उत्तरे आल्यावर मेल असा उभा राहतो:

“प्रिय ऋतुजा, तुझं टीममध्ये मनापासून स्वागत! तू येतेयस हे कळल्यापासून सगळे वाट बघतायत. बिलं जुळवायची तुझी पद्धत तू मुलाखतीत सांगितलीस, ती माझ्या अजून लक्षात आहे. सोमवार, १६ जून २०२५ ला सकाळी १० वाजता ये. गेटवर आधार कार्ड दाखव. आपली जागा तिसऱ्या मजल्यावर, जिना चढून आलीस की उजवीकडे. पहिला आठवडा फक्त बघ, विचार. दुपारी आपण सगळे एकत्र जेवतो. डबा आणलास तर उत्तमच, नाही आणलास तर आमच्या डब्यांवर तुझा पूर्ण हक्क! काही अडलं तर बिनधास्त फोन कर, कितीही साधा प्रश्न असला तरी चालेल.”

पाठवण्यापूर्वी लीडने तो एकदा मोठ्याने वाचावा. जिथे त्याची जीभ अडखळेल, तिथे त्याचे नसलेले, तपासणाऱ्याचे वाक्य घुसले आहे असे समजावे आणि तेवढे वाक्य पुन्हा त्याच्याच तोंडचे करून घ्यावे.