डेकच्या वहीतली नोंद

जहाज जिथून चालवतात त्या उंच खोलीला ब्रिज म्हणतात. तिथे एक वही असते. ती डेकची लॉगवही. पहाऱ्यावरचा अधिकारी तिच्यात वेळ, जहाजाची जागा, दिशा, वारा आणि लाटा लिहितो.

समजा, जुलै महिना आहे. एक मालवाहू जहाज मुंबईहून एडनला निघाले आहे. समोरून, डाव्या अंगाने नैऋत्येचा वारा येतो आहे. पुढच्या डेकवरची एक साखळी सैल झाली. दुपारी बारा ते चारच्या पहाऱ्यावर दुसरा अधिकारी होता. त्याने सारंगाला आणि एका खलाशाला ती आवळायला पाठवले. इतक्यात मोठी लाट डेकवर चढली. खलाशी घसरून लोखंडी कठड्यावर आपटला. त्याचा पाय मोडला.

अधिकाऱ्याने वहीत लिहिले :

१४.२० – सारंग व खलाशी पुढच्या डेकवर. वारा नैऋत्य, जोर ७.
१४.३५ – लाट डेकवर. खलाशी पडला. कप्तानास कळवले.
१४.३७ – वेग कमी केला.
१४.५० – खलाशास स्ट्रेचरवरून आत आणले.

वाऱ्याचा जोर ० ते १२ आकड्यांत मोजतात. ७ म्हणजे तासाला सुमारे ५० ते ६० किलोमीटरचा वारा. अशा वाऱ्यात माणसे पुढे पाठवण्याआधीच वेग कमी करायला हवा होता. इथे तो नंतर केला! आता अधिकाऱ्याच्या मनात येईल, "३७ चे १७ केले तर कुणाला कळणार?"

पण कळते, बरं का! वेग बदलण्याचा हुकूम खाली इंजिनखोलीत जातो. तिथल्या वहीतही तीच वेळ लिहिलेली असते. दोन वह्या शेजारी ठेवल्या की लबाडी उघडी पडते. म्हणून लॉगमध्ये खाडाखोड करत नाहीत, पानही फाडत नाहीत. चूक झालीच तर तिच्यावर एकच रेघ मारायची. खालचे अक्षर वाचता आले पाहिजे. शेजारी बरोबर लिहून सही करायची.

मग अहवाल लिहायचा. "खलाशी निष्काळजी होता" असे त्यात लिहू नये. ते झाले मत. "कमरेला पट्टा होता, पण त्याची दोरी कशाला अडकवलेली नव्हती" असे लिहावे. डेकवर धरायला दोरी बांधली होती का, आणि पुढे जाण्याचा हुकूम कुणाचा, हेही लिहावे. सारंगाने काय पाहिले ते त्याच दिवशी, त्याला एकट्याला विचारावे. सगळे एकत्र बसले की एकाचे ऐकून दुसरा बोलतो.

खलाशाचे घर रत्नागिरीकडे असेल. पाय मोडलेला माणूस कित्येक महिने कामावर जात नाही. भरपाईचा प्रश्न निघतो तेव्हा तो डेकवर काय झाले ते सांगतो. पण साखळी आवळायला जाताना जहाजाचा वेग किती होता, हे त्याला कसे ठाऊक असणार? ते या वहीतच असते.