चवदार तळ्याचा निकाल : चार कप्प्यांत

न्यायालयाचा निकाल सामान्य वाचकापर्यंत पोहोचतो तो बहुधा चार-सहा ओळींच्या सारांशातून. मूळ निकाल इंग्रजीत असतो, त्याची भाषा वकिली असते, आणि तो हाती येणेही कठीण. म्हणून आमच्या अभ्यासवर्गात असे सारांश नव्याने लिहून काढण्याची पद्धत मी ठेवली आहे. त्यासाठी घ्यावा असा निकाल आपल्या चळवळीच्या इतिहासातच आहे : महाडच्या चवदार तळ्याचा, मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दिलेला.

या निकालाचे सार आपल्याकडे साधारणपणे पुढीलप्रमाणे सांगितले जाते. शब्द माझे आहेत, पण घाट ओळखीचा वाटेल : “तळे आपल्या मालकीचे असून अस्पृश्यांना तेथे हक्क नाही असा दावा महाडच्या सवर्णांनी लावला. परंतु तळे नगरपालिकेचे असल्याने, रूढी सिद्ध न झाल्याने आणि अशी रूढी अन्यायकारक असल्याने उच्च न्यायालयाने अस्पृश्यांचा पाण्यावरील समान हक्क मान्य केला.”

वाचायला हे सरळ वाटते. पण त्यात चार वेगळ्या जातीच्या गोष्टी एका दोरीत ओवल्या आहेत. तळे आपले, हे वादींचे म्हणणे होते. तळे नगरपालिकेचे, हा पुराव्यावरून निघालेला निष्कर्ष होता. रूढी सिद्ध झाली नाही, हे निकालाचे कारण होते. आणि रूढी अन्यायकारक आहे, हे तर न्यायालयाने ठरवलेलेच नाही! ते आपले मत आहे, योग्य मत आहे, पण न्यायमूर्तींच्या तोंडी घातलेले आहे.

म्हणून सारांशातील प्रत्येक वाक्यापुढे मी एकच प्रश्न लिहायला सांगतो : हे कोण म्हणतो? वादी, प्रतिवादी, साक्षीदार, खालचे न्यायालय, उच्च न्यायालय, की सारांश लिहिणारा? उत्तर मिळाले की वाक्य आपल्या कप्प्यात जाऊन बसते. कप्पे चार : हकीकत, वादप्रश्न, कारणे आणि निर्णय.

हकीकत. १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला होता, पण तो कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी तळ्यावर गेले व पाणी प्याले. डिसेंबर १९२७ मध्ये काही सवर्णांनी बाबासाहेब व इतरांविरुद्ध दिवाणी दावा लावला. तळे वापरण्याचा हक्क आमचाच आहे असे जाहीर करावे व अस्पृश्यांना कायमची मनाई करावी, ही त्यांची मागणी. दाव्यात सुरुवातीला तात्पुरता मनाई हुकूम मिळाला, तो १९२८ मध्ये उठला. १९३१ मध्ये महाडच्या न्यायालयाने दावा फेटाळला, १९३३ मध्ये ठाण्याच्या न्यायालयाने अपील फेटाळले, आणि सवर्णांचे दुसरे अपील उच्च न्यायालयात आले. या कप्प्यात ‘अन्याय’, ‘विजय’ असले शब्द येऊ द्यायचे नाहीत. दोन्ही पक्षांना मान्य असलेले किंवा न्यायालयाला पुराव्यावरून पटलेले तेवढेच येथे येते; बाकी ‘वादींच्या म्हणण्याप्रमाणे’ असे लिहून.

वादप्रश्न. हा कप्पा लोक गाळतात आणि तेथेच गोंधळ सुरू होतो. वादप्रश्न असा लिहावा की त्याचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ येईल. ‘अस्पृश्यांचे पाण्यावरील हक्क’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. उच्च न्यायालयापुढील प्रश्न असा होता : अस्पृश्यांना वगळून तळे वापरण्याची रूढी अतिप्राचीन काळापासून चालत आली आहे, हे वादींनी सिद्ध केले आहे काय? अस्पृश्यता न्याय्य आहे काय, असा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता. हे एकदा कागदावर आले की पुढचे सारे आपोआप जागेवर बसते.

कारणे. या कप्प्यातील प्रत्येक वाक्यात ‘कारण’ हा शब्द घालता आला पाहिजे. न्या. ब्रूमफील्ड व न्या. वाडिया यांनी म्हटले ते थोडक्यात असे. अस्पृश्य तळ्यावर जात नसत हा पुरावा माणसांच्या आठवणीपुरता होता; तेवढ्यावरून अतिप्राचीनता ठरत नाही. तळ्याभोवती सवर्णांची घरे आहेत. पण ती होण्यापूर्वी पाणी फक्त आपल्यासाठी राखण्याचा प्रयत्न कोणी केला असेल, हे संशयास्पद आहे. देवळांच्या खटल्यांतील निवाडे येथे लागू पडत नाहीत, कारण देऊळ विशिष्ट जातींसाठीच अर्पण केले असावे असे जुन्या वहिवाटीवरून मानता येते. तळ्याबाबत तसे मानायला आधार नाही.

निर्णय. सवर्णांचे अपील फेटाळले. एवढेच. हा कप्पा निकालाच्या शेवटच्या ओळींवरून भरायचा, आणि त्यात एकही ‘कारण’ येऊ द्यायचे नाही.

निर्णय आणि कारणे वेगळी का ठेवायची, हे याच खटल्यात चांगले दिसते. तिन्ही न्यायालयांत सवर्ण हरले. पण महाडच्या न्यायाधीशांनी दीर्घकाळची वहिवाट सिद्ध झाली असे मानले होते. एकाने वापरले आणि दुसऱ्याने वापरले नाही एवढ्याने पहिल्याला हक्क मिळत नाही आणि दुसऱ्याचा जात नाही, असे त्यांचे कारण होते. वरच्या दोन न्यायालयांनी मात्र अतिप्राचीन रूढीच सिद्ध झाली नाही असे म्हटले. निर्णय एक, कारणे दोन. मला विचाराल तर पहिले कारण अधिक भक्कम आहे, कारण ते पुराव्याच्या वयावर टांगलेले नाही.

चार कप्पे भरल्यावर मी एक ओळ आणखी लिहायला लावतो : न्यायालयाने काय ठरवले नाही? रूढी सिद्ध झाली असती, तर ती अवाजवी किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे काय, आणि नगरपालिका अशा रूढीने बांधली जाते काय, याचा विचार करावा लागला असता, असे उच्च न्यायालयाने म्हटले आणि तो विचार तेथेच थांबवला. म्हणजे उद्या दुसऱ्या गावच्या सवर्णांनी अधिक जुना पुरावा आणला असता तर? या निकालात त्याला उत्तर नव्हते.

ते उत्तर २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाने दिले. कलम १३ प्रमाणे मूलभूत हक्कांशी विसंगत रूढीही, तिला कायद्याचे बळ असले तरी, त्या विसंगतीपुरती रद्द ठरते. कलम १५ मध्ये शासकीय पैशातून राखलेल्या किंवा जनतेसाठी अर्पण केलेल्या विहिरी, तळी व स्नानघाट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. आता रूढी किती जुनी हे विचारण्याचे कारणच उरले नाही.

सरमिसळीच्या सारांशात नेमके हेच बुडते. १९३७ सालीच न्यायालयाने समान हक्क मान्य केला होता असे आपण सांगत राहिलो, तर ही कलमे संविधानात का घालावी लागली हे पुढच्या पिढीला कळणार नाही. सवर्ण पुराव्यात कमी पडले म्हणून तळ्याचा खटला आपण जिंकलो. हक्काचा पाया मात्र नंतर आपल्याला घालावा लागला.